गॅदरिंगला प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताचं दोन मिनिटांचं भाषण कसं तयार करायचं

दरवर्षी गॅदरिंगच्या आधी आठ-दहा दिवस कुणा ना कुणा मुलाला किंवा मुलीला वर्गशिक्षक बोलावतात आणि सांगतात, "तू पाहुण्यांचं स्वागत करायचंस, दोन मिनिटं बोल." मग घरी जाऊन मोबाईलवर शोधाशोध, तिथं सापडलेलं एक तयार भाषण, त्यात फक्त नाव बदलायचं आणि पाठ करायचं. भाषण होतं, टाळ्याही मिळतात, पण पाहुण्यांना त्यातलं काहीच आपल्यासाठी होतं असं वाटत नाही, कारण ते खरंच त्यांच्यासाठी नसतं. मी मुलांची अशी भाषणं बसवून घेते, त्यामुळे यात काय काय फसतं ते बऱ्यापैकी माहीत आहे. म्हणून एकच केस घेऊन पहिल्या दिवसापासून स्टेजवरून उतरेपर्यंत सगळं लिहिते. आठवीतली एक मुलगी, पाहुण्या आहेत एक पशुवैद्यक डॉक्टर, वेळ दोन मिनिटं.

आधी हे विचारा की तुमच्या आधी कोण बोलणार आहे

लिहायला बसायच्या आधी कार्यक्रमपत्रिका हातात घ्या. छापलेली नसेल तर सरांकडून क्रम लिहून घ्या. कारण पाहुण्यांबद्दल बोलणारे तुम्ही एकटे नसता. निवेदन करणारा मुलगा असतो, प्रास्ताविक करणाऱ्या मॅडम असतात, काही ठिकाणी पाहुण्यांचा परिचय वेगळा करून देतात, मग सत्कार, मग शेवटी आभार. प्रास्ताविक म्हणजे शाळेचं वर्षभराचं काम, परिचय म्हणजे पाहुण्यांचं शिक्षण, पदं, पुरस्कार, आणि आभार म्हणजे झालेल्या मदतीबद्दल. स्वागताच्या भाषणाला यातलं काहीच करायचं नाहीये! त्याचं काम एवढंच की सगळ्या मुलांच्या वतीनं "तुम्ही आलात, आम्हाला आनंद झाला, आणि तुम्ही कोण आहात हे आम्हाला माहीत आहे" असं पाहुण्यांना सांगायचं.

सगळ्यात जास्त वेळा फसतं ते इथंच. निवेदकाकडे पाहुण्यांचा एक पानी बायोडेटा असतो, तो त्यातला अर्धा वाचून टाकतो आणि मग म्हणतो, "आता स्वागत करायला येत आहे अमुक." अमुक येते आणि तेच सगळं परत म्हणते, तीच डिग्री, तेच पुरस्कार. प्रेक्षक चुळबुळ करायला लागतात, पाहुण्यांनाही अवघडल्यासारखं होतं. त्यामुळे निवेदकासोबत पाच मिनिटं बसा आणि वाटून घ्या. डिग्री, पद आणि पुरस्कार त्याच्याकडे (किंवा परिचय करून देणाऱ्याकडे), आणि तुमच्याकडे एखादी अशी गोष्ट जी बायोडेटात नाही. त्याच्या कागदावर तुमच्या नावाच्या आधीची ओळ काय आहे तेही बघून ठेवा, कारण तुमचं पहिलं वाक्य त्याच्या शेवटच्या वाक्याला लागून येणार असतं.

परिचय वेगळा नसेल आणि स्वागतातच परिचय उरकायचा असेल तर एक वाक्य जास्त घ्या, पण एकच.

पाहुण्यांबद्दल माहिती: बायोडेटा पुरत नाही

शाळेकडे पाहुण्यांचा बायोडेटा आलेला असतो. त्यातून दोन गोष्टी घ्यायच्या, पूर्ण नाव आणि सध्या नक्की काय काम करतात ते. बाकी तो कागद तुमच्या फारसा कामाचा नसतो, कारण तो नोकरीसाठी किंवा कुठल्यातरी समारंभासाठी बनवलेला असतो.

मग काय करायचं, तर पाहुण्यांना निमंत्रण देणारे जे शिक्षक आहेत त्यांना सांगा की सर, पाहुण्यांना फोन करणारच आहात तर मला दोन-तीन प्रश्न विचारायचेत. बहुतेक शिक्षक हो म्हणतात, आणि फोन स्पीकरवर ठेवून विद्यार्थ्यालाच बोलू देतात. पाहुण्यांनाही आवडतं ते. प्रश्न साधे ठेवा, पण असे की त्यांना मोठं उत्तर द्यावं लागेल. "तुमच्या यशाचं रहस्य काय" असलं विचारलं तर उत्तरही तसलंच येतं. त्यापेक्षा हे विचारा:

"तुमच्या कामात असं काय आहे जे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं?"

"शाळेत असताना गॅदरिंगमध्ये तुम्ही काय करायचात?"

दुसरा प्रश्न माझा आवडता आहे. प्रत्येक माणूस शाळेत कधीतरी गेलेला असतो आणि गॅदरिंगची काहीतरी आठवण त्याच्याकडे असतेच, नाचात पाय चुकला, नाटकात झाड झालो, खुर्च्या मांडल्या. ती आठवण मिळाली की पाहुणे आणि समोर बसलेली मुलं यांच्यात धागा आपोआप तयार होतो, तुम्हाला तो ओढूनताणून जुळवावा लागत नाही.

फोन ठेवायच्या आधी अजून तीन गोष्टी. एक, नावाचा उच्चार. आडनाव कागदावर वाचताना एक वाटतं आणि बोलताना वेगळं असतं, म्हणून त्यांच्याच तोंडून ऐका आणि लगेच परत म्हणून दाखवा. दोन, त्यांना काय म्हटलेलं आवडतं, डॉक्टर, मॅडम, सर, की ताई. तीन, जी आठवण त्यांनी सांगितली ती स्टेजवरून सांगितली तर चालेल का, हे स्पष्ट विचारा. गप्पांच्या ओघात माणूस सांगून जातो, पण सगळ्या पालकांसमोर ते नको असतं. नाही म्हणाल्या तर सोडून द्या, दुसरं शोधा.

आपल्या केसमध्ये त्या मुलीला काय मिळालं ते सांगते. पाहुण्या २२ वर्षं पशुवैद्यक म्हणून काम करतात. पहिल्या प्रश्नावर त्या म्हणाल्या की आमचा पेशंट कुठं दुखतंय ते सांगत नाही, त्यामुळे हात लावायच्या आधी थोडा वेळ नुसतं बघत उभं राहावं लागतं, उभं कसं राहतंय, खातंय का, कान कसे आहेत. दुसऱ्या प्रश्नावर हसल्या आणि म्हणाल्या, "मी कधी स्टेजवर आलेच नाही गं, मी पडदा ओढायचे." आणि हे सांगितलं तर चालेल का विचारल्यावर म्हणाल्या, अगदी सांग.

याशिवाय त्यांनी लसीकरणाच्या शिबिरांबद्दल सांगितलं, रात्री-अपरात्री गाय अडली म्हणून जावं लागतं ते सांगितलं, त्यांना मिळालेल्या एका पुरस्काराबद्दल सांगितलं. सगळंच छान. पण दोन मिनिटांत दोनच गोष्टी बसतात, आणि खरं तर एक मुख्य आणि एक छोटी. निवडायचं कसं? जी गोष्ट पाचवीतल्या मुलाला एकदा ऐकून कळेल आणि घरी जाऊन सांगाविशी वाटेल ती ठेवायची. न बोलणारा पेशंट राहिला, पडदा राहिला, बाकी सगळं गेलं. रात्रीच्या प्रसंगाचा मोह तिला खूप होता, पण त्यातच एक मिनिट गेलं असतं.

पहिला कच्चा मसुदा, आणि त्यात काय चुकलं

एवढं सगळं हातात असून पहिला मसुदा असाच आला, कारण सवय:

"सर्वप्रथम व्यासपीठावर विराजमान असलेले आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, तसेच ज्यांच्या कर्तृत्वाचा सुगंध सर्वदूर दरवळत आहे असे आजच्या कार्यक्रमास लाभलेले थोर प्रमुख पाहुणे, तसेच आमचे परमपूज्य गुरुजनवर्ग, तसेच उपस्थित सर्व मान्यवर, पालकवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज या शुभप्रसंगी मी आपणा सर्वांचे शब्दसुमनांनी स्वागत करते..."

हे मोठ्यानं, हळू वाचून बघा, अर्ध्या मिनिटाच्या आसपास गेलं आणि अजून एकही माहिती आलेली नाही. पाहुण्यांचं नावसुद्धा नाही. पाहुण्या बाई आहेत आणि वाक्यात "लाभलेले थोर प्रमुख पाहुणे", म्हणजे मागच्या कुठल्यातरी भाषणातून ते जसंच्या तसं उचललंय हे सगळ्यांना कळतं. ही चूक फार होते, म्हणून पाहुण्या बाई असतील तर मसुदा झाल्यावर फक्त तेवढ्यासाठी एकदा सगळं वाचा, "प्रमुख पाहुण्या", "आल्या आहेत", "त्या म्हणाल्या", सगळीकडे नीट आहे ना.

दुसरं, "विराजमान", "सुगंध दरवळत आहे", "शब्दसुमनांनी". आठवीतली मुलगी एरवी असं बोलत नाही. असे शब्द पाठ केलेले असतात आणि अडखळायला होतं ते नेमकं त्यांच्यावरच. परीक्षा सोपी आहे, जो शब्द तुम्ही मैत्रिणीशी किंवा घरी मोठ्यांशी बोलताना आयुष्यात वापरला नाही तो काढायचा. स्वागत, मनापासून, आनंद, वतीनं, एवढ्यात काम होतं. चारोळी किंवा शेर घालायचाच असा शिक्षकांचा आग्रह असेल तर... घाला बापडे, पण एकच, आणि पाहुण्यांच्या कामाशी खरंच जुळणारी. "पाहुणे आले दारी" टाईप काहीही कुणालाही लागू पडतं.

आणि तिसरं म्हणजे संबोधन. ते लांबवायचा मोह सगळ्यांनाच होतो कारण कुणाचं नाव राहिलं तर काय, ही भीती असते. तर नियम असा ठेवा, अध्यक्ष असतील तर ते आधी, मग प्रमुख पाहुणे नावासकट, मग मुख्याध्यापक, आणि मग बाकी सगळे गटानं, शिक्षक, पालक, मित्रमैत्रिणी. नाव फक्त पाहुण्यांचंच घ्यायचं. एकदा दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं की मग व्यासपीठावरच्या सगळ्यांचीच घ्यावी लागतात, नाहीतर राहिलेला माणूस लक्षात ठेवतो. अर्थात शाळेची याबाबत ठरलेली पद्धत असेल तर ती पाळा, यावर सरांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तयार भाषण

दोन-तीन वेळा कापाकापी करून शेवटी हे राहिलं. कंसात नावं आपली आपण भरायची.

"सन्माननीय अध्यक्ष, आजच्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर (पूर्ण नाव), मुख्याध्यापक सर, सर्व शिक्षक, पालक आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार. मी आठवी अ मधली (नाव).

आपण आजारी पडलो की डॉक्टरांना सांगतो, पोट दुखतंय, घसा दुखतोय. पण ज्यांच्याकडे येणारा एकही पेशंट कुठं दुखतंय ते सांगत नाही, अशा डॉक्टर आज आपल्याकडे आल्या आहेत. मॅडम पशुवैद्यक आहेत. गेली बावीस वर्षं त्या गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री, मांजरं अशा सगळ्यांवर उपचार करतात. मग तुम्हाला कळतं कसं, असं मी त्यांना विचारलं. तर त्या म्हणाल्या, आधी थोडा वेळ नुसतं बघत उभं राहायचं.

मॅडमनी मला अजून एक गोष्ट सांगितली. शाळेत असताना त्या गॅदरिंगमध्ये कधीच स्टेजवर आल्या नाहीत. त्या पडदा ओढायच्या. मॅडम, आमच्या पडद्याची दोरी धरून आठवी ब ची दोन मुलं आत्ता विंगेत उभी आहेत. आज तुम्ही आमचे नाच आणि नाटक समोर बसून बघाल, पण पडद्यामागं काय धावपळ चालली असेल ते इथल्या सगळ्यांपेक्षा तुम्हालाच जास्त माहीत आहे.

तुम्ही वेळ काढून आलात, आम्हाला खूप आनंद झाला. शाळेतल्या सगळ्या मुलामुलींच्या वतीनं, डॉक्टर (पूर्ण नाव), तुमचं मनापासून स्वागत."

दीडशे शब्दांच्या आसपास आहे हे. मुलं स्टेजवर नीट थांबत थांबत बोलली तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे दीड मिनिट, वर टाळ्या आणि हशा धरला की दोन मिनिटं भरतात. दोन मिनिटं दिली म्हणून दोनशे शब्द भरू नका, घाईत म्हणावे लागतात मग. पण शब्द मोजण्यावर विसंबू नका, मोबाईलवर टायमर लावून उभं राहून मोठ्यानं म्हणा. मनात वाचलेला वेळ नेहमी कमी येतो.

आता यात काय काय केलंय ते बघा. पाहुण्यांचं नाव दोनदाच आलंय, सुरुवातीला आणि अगदी शेवटी. मधे "मॅडम". शेवटचं वाक्य स्वागताचं आहे आणि त्यात नाव आहे, म्हणजे टाळ्या कधी वाजवायच्या ते प्रेक्षकांना सांगावं लागत नाही. शेवट "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" असा केला तर टाळ्या भाषण संपल्याच्या वाजतात, पाहुण्यांसाठी वाजत नाहीत. पुरस्काराचा उल्लेख नाही, तो निवेदकाकडे दिलाय. पहिल्या अर्ध्या भाषणात प्रेक्षकांशी बोलणं चाललंय, पाहुण्यांबद्दल "त्या" म्हणून, आणि "मॅडम, आमच्या पडद्याची" इथून थेट पाहुण्यांशी बोलणं सुरू होतं. हा बदल एकदाच करायचा. सारखं त्यांच्याशी, आपल्याशी, परत त्यांच्याशी असं केलं की ऐकणाऱ्याला कळत नाही की मान कुठं वळवायची, आणि बोलणारीलाही.

"तुम्ही" की "आपण" यावर काही शिक्षक अडतात, त्यांना "आपण"च हवं असतं. चालेल की, पण मग शेवटपर्यंत "आपण, आपलं" ठेवा, आणि "आपण आजारी पडलो" हे वाक्य बदला, नाहीतर एकाच भाषणात "आपण" म्हणजे कधी पाहुण्या आणि कधी सगळेच असा घोळ होतो. तिथं "कुणीही आजारी पडलं की" असं करून टाका.

आणि ती विंगेतली दोन मुलं खरंच तिथं उभी असायला हवीत! म्हणजे बॅकस्टेजच्या सरांना आधी विचारून घ्या की पडद्याला कोण आहे. पडदा नसेलच किंवा मोटरवरचा असेल तर वाक्य बदला, खुर्च्या लावणारी, माईकच्या वायरी सांभाळणारी मुलं असतातच.

कागद, पाठांतर

पाठ करायचं का बघून वाचायचं? माझं मत, पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य शब्दन् शब्द पाठ, मधलं समजून पाठ, आणि हातात कार्ड असायलाच हवं. पूर्ण पाठ केलेलं भाषण एक शब्द विसरला की तिथंच अडकतं, कारण पुढचं वाक्य त्या शब्दाला टांगलेलं असतं. सगळं बघून वाचलं तर डोळे वर येत नाहीत.

कार्ड पोस्टकार्डाएवढं, जाड कागदाचं. पातळ कागद हात थरथरला की फडफडतो आणि माईकमध्ये त्याचा आवाज येतो. एका बाजूलाच लिहा, मोठ्या अक्षरात, दोन कार्डं लागली तर कोपऱ्यात १, २ नंबर टाका. एक वाक्य संपलं की नवी ओळ. थांबायचं असेल तिथं एक उभी रेघ मारा, जास्त थांबायचं तिथं दोन. आकडे अक्षरात लिहा, "बावीस", म्हणजे बघता क्षणी तोंडातून नीट निघतं. नाव अवघड असेल तर जसं उच्चारायचं तसं तोडून लिहा.

या भाषणात दोन रेघा दोनच ठिकाणी आहेत. "आज आपल्याकडे आल्या आहेत" नंतर, कारण तिथं मुलं विचार करतात की असा कसला पेशंट, त्यांना एक क्षण द्यायचा. आणि "त्या पडदा ओढायच्या" नंतर, तिथं हशा येतो. हशा आला की तो ओसरायला लागेपर्यंत थांबायचं, त्यावर बोलायचं नाही, पुढचं वाक्य वाया जातं. आणि नाही आला हशा तर? काही नाही, एक श्वास घेऊन पुढं जायचं, वाट बघत उभं राहायचं नाही.

सराव तीन प्रकारे करा. आधी एकटीनं टायमर लावून. मग घरच्या कुणासमोर, आणि झाल्यावर त्यांना "कसं झालं" विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. "पाहुण्या काय काम करतात आणि शाळेत काय करायच्या?" असं विचारा, उत्तर आलं तर भाषण पोचलं. मग रंगीत तालमीच्या वेळी खऱ्या स्टेजवर, खऱ्या माईकवर, किमान एकदा. ही तिसरी पायरी बहुतेक शाळांत राहून जाते कारण तालमीत नाच आणि नाटकांनाच वेळ मिळतो. सरांच्या मागे लागून दोन मिनिटं मागून घ्याच.

स्टेजवर: पाहुण्या तुमच्या मागे बसलेल्या असतात

याचा विचार कुणीच करत नाही. बऱ्याच शाळांमध्ये मान्यवर व्यासपीठावर मागे ओळीनं बसतात आणि बोलणाऱ्याचं स्टँड पुढं एका कोपऱ्यात. म्हणजे ज्यांचं स्वागत करतोय त्यांच्याकडे आपली पाठ! बरं, मान वळवून मागं बघत बोलावं तर तोंड माईकपासून लांब जातं आणि नेमकं पाहुण्यांचं नावच कुणाला ऐकू येत नाही.

यावर उपाय असा की स्टँडच्या अगदी सरळ मागं उभं राहायचंच नाही, थोडं बाहेरच्या बाजूला सरकून तिरकं उभं राहायचं, म्हणजे समोर प्रेक्षक दिसतात आणि डोळे थोडे वळवले की पाहुण्याही दिसतात. माईक वाकतो, तो तुमच्या तोंडाकडे वळवून घ्या. आणि थेट पाहुण्यांशी बोलायच्या आधी एक क्षण गप्प राहून त्यांच्याकडे बघायचं, नजरेला नजर मिळाली की परत माईककडे येऊन "मॅडम," म्हणायचं. शेवटच्या वाक्यालाही तसंच, आधी बघा, मग बोला. पाहुणे समोर पहिल्या रांगेत बसणार असतील तर ही कटकट नाही, पण कुठल्या खुर्चीवर बसणार ते आधी बघून ठेवा, नाहीतर भलत्याच माणसाकडे बघून स्वागत होतं.

माईक तोंडापासून मुठीएवढ्या अंतरावर ठेवा. अगदी ओठांना लावला तर "प", "फ", "भ" ला फटाके फुटतात, आणि "पाहुण्या", "पेशंट", "पशुवैद्यक", "पडदा", आपलं भाषण सगळं "प"नंच भरलंय. म्हणून माईक अगदी समोर न धरता थोडा हनुवटीच्या बाजूला ठेवला तर बरं पडतं. तुमच्या आधी उंच सर बोलले असतील तर स्टँड खाली करावं लागतं, ते शांतपणे करा, तोपर्यंत काही बोलू नका. माईकवर टकटक करायची, फुंकर मारायची किंवा "हॅलो हॅलो" म्हणायची गरज नाही, "सन्माननीय अध्यक्ष" म्हटलं की कळतंच चालू आहे की नाही. बंद असेल तर थांबा, साउंडवाल्याकडे बघा, चालू झाला की पहिल्या शब्दापासून परत.

ऐनवेळी होणाऱ्या गोष्टी

पाहुणे उशिरा येतात. ही अडचण नव्हेच, ठरलेलंच आहे असं समजा. कार्यक्रम आधी सुरू होतो, दोन नाच होतात, मग पाहुणे येतात आणि घाईघाईत तुम्हाला बोलावलं जातं. तेव्हा "आज तुम्ही आमचे नाच आणि नाटक बघाल" मधला नाच होऊन गेलेला असू शकतो. असलं वाक्य कार्डावर पेन्सिलीनं लिहून ठेवा म्हणजे विंगेत उभं राहून बदलता येतं. उशिराचा उल्लेख मात्र अजिबात नको, गमतीतही नाही.

वेळ कमी पडला म्हणून सर विंगेत येऊन म्हणतात, "अर्ध्या मिनिटात आटप." यासाठी छोटं भाषण आधीच ठरलेलं असावं. आपल्या केसमध्ये पहिला परिच्छेद, दुसऱ्यातली पशुवैद्यकपर्यंतची वाक्यं आणि थेट शेवटचा परिच्छेद. पडद्याची गोष्ट जाते, वाईट वाटतं, पण जे उरतं ते पूर्ण असतं. कार्डावर जो भाग गाळायचा त्याच्या कडेला एक उभी रंगीत रेघ मारून ठेवा, ऐनवेळी शोधत बसायला नको.

निवेदकानं वाटून घेतलेलं विसरून तुमची पडद्याची गोष्ट आधीच सांगून टाकली तर? होतं असं, त्यालाही ती गोष्ट आवडलेली असते. मग ती परत पहिल्यापासून सांगू नका, "आत्ताच ऐकलंत की मॅडम पडदा ओढायच्या" एवढं म्हणून लगेच विंगेतल्या मुलांवर या. उलट बरंच, गोष्ट त्यानं सांगितली आणि शेवट तुमच्याकडे राहिला.

नाव चुकलं तर थांबून, "माफ करा" म्हणून, बरोबर नाव एकदा नीट म्हणायचं आणि पुढं जायचं. न थांबता तसंच पुढं रेटलं तर पाहुणे बाकीचं भाषण ऐकत नाहीत. वाक्य विसरलं तर माफी मागायची गरज नाही, कार्ड बघा, लोकांना ते थांबणं वाटतं.

आणि पाहुणेच बदलले तर. कधी कधी आदल्या दिवशी, कधी त्याच दिवशी कळतं की त्या येऊ शकत नाहीत, त्यांच्याऐवजी दुसरे कुणी येतायत. तेव्हा जुन्या भाषणात नाव बदलून चालत नाही हे उघड आहे. नवे पाहुणे आल्यावर त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत चहापाण्याला बसवतात, तेव्हा सरांची परवानगी घेऊन आत जा, नमस्कार करा आणि तोच एक प्रश्न विचारा, शाळेत गॅदरिंगला तुम्ही काय करायचात? जे उत्तर मिळेल ते कार्डाच्या मागच्या बाजूला चार शब्दांत लिहा, उच्चारासकट नाव लिहा, स्टेजवरून सांगितलं तर चालेल का ते विचारा. संबोधन तेच, शेवट तोच, मधे एवढी एकच गोष्ट, तीन-चार वाक्यांत. मागची बाजू कोरी ठेवायची ती यासाठीच, म्हणून कार्डाच्या एकाच बाजूला लिहा म्हटलं.

बोलून झालं की टाळ्या चालू असताना लगेच पळत सुटू नका, पाहुण्यांकडे वळून नमस्कार करा आणि मग उतरा. उतरायच्या पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत आणि सत्काराचं ताट घेऊन येणारी मुलं कुठल्या बाजूनं चढणार आहेत हे तालमीतच बघून घ्या, दोन्ही एकाच बाजूला असेल तर ती वर येईपर्यंत तुम्ही स्टँडपाशीच थांबायचं.